प्लॅग किती आला? नाशिकमधल्या एका प्रबंधाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात मी ग्रंथपाल म्हणून काम करतो. पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठाकडे जाण्याआधी त्याची साधर्म्य तपासणी आमच्या ग्रंथालयातून होते. प्रबंधातला किती मजकूर आधी छापलेल्या किंवा साठवलेल्या मजकुराशी जुळतो, हे सॉफ्टवेअर टक्क्यांत सांगते. विद्यार्थी त्याला सरळ 'प्लॅग' म्हणतात, आणि प्रबंध लिहून झाला की एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो 'प्लॅग किती आला?' हाच.

हे प्रकरण वनस्पतिशास्त्राच्या एका संशोधिकेचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिचा विषय होता द्राक्षावरचा डाऊनी. ऑक्टोबर छाटणीनंतर नवी फूट निघते आणि नेमका त्याच सुमारास परतीचा पाऊस येतो, तेव्हा हा रोग कसा पसरतो, हे तिने दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या बागांत सलग दोन हंगाम पाहिले. ठरावीक वेलींवरची ठरावीक पाने तपासायची, किती पानांवर डाग आहेत आणि प्रत्येक पानाचा किती भाग व्यापला आहे ते नोंदवायचे, आणि सोबत पाऊस, तापमान व पाने किती तास ओली राहिली याची नोंद ठेवायची, असे ते काम होते. काम पक्के होते. त्यावरचा तिचा एक शोधनिबंध आधीच प्रसिद्ध झाला होता.

अडचण कशी सुरू झाली

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम केले. त्यानुसार 10 टक्क्यांपर्यंतचे साधर्म्य किरकोळ मानले जाते आणि त्याला दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. 40 ते 60 टक्क्यांना एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही आणि 60 च्या वर नोंदणीच रद्द होते. विद्यार्थ्यांच्या डोक्यात यातला फक्त दहाचा आकडा बसतो. त्याच नियमांत काय मोजायचे नाही हेही लिहिलेले आहे: योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, सर्वसाधारण संज्ञा, कायदे, प्रमाणित चिन्हे आणि समीकरणे. सलग 14 शब्दांपर्यंतची योगायोगाने झालेली जुळणीही सोडून द्यायची असते. हा भाग फार कमी जण वाचतात.

संशोधिकेने ग्रंथालयात येण्याआधी पुण्यातल्या एका संस्थेत शिकणाऱ्या मैत्रिणीच्या खात्यातून मसुदा तपासून घेतला. आकडा आला 22 टक्के. काही न वगळता केलेली तपासणी होती ती, पण तिला ते माहीत नव्हते. तिने अहवालातली रंगवलेली वाक्ये समोर ठेवली आणि एकेक शब्द बदलायला सुरुवात केली. पुन्हा तपासणी, 18. पुन्हा बदल, 16. मग एकदा 17 झाले, कारण एका स्रोतापासून दूर नेलेले वाक्य दुसऱ्याच कुणाच्या वाक्याशी जुळले. दिवसा महाविद्यालयात शिकवायचे आणि रात्री हे, असे जवळजवळ दीड महिना चालले. शेवटी 12 वर येऊन आकडा थांबला. त्याखाली काही केल्या जाईना.

तो का जाईना याचे कारण अहवालातच होते. उरलेल्या बारापैकी निम्मा वाटा संदर्भसूचीचा होता. लेखकाचे नाव, शोधनिबंधाचे शीर्षक, नियतकालिक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक कुणीही लिहिले तरी तसेच लिहावे लागतात. ते जुळणारच, आणि जुळलेच पाहिजेत. ती वाक्ये बदलत राहिली असती तरी हे सहा टक्के जागचे हलणार नव्हते.

दुरुस्त्यांनी मजकुराचे काय केले

12 टक्क्यांचा तो मसुदा तिने मार्गदर्शक मॅडमना दिला. मॅडमनी निकालांचे प्रकरण उघडले आणि पहिल्याच पानावर थांबल्या. त्या म्हणाल्या, "अगं, तक्त्यात साठ टक्के पानांवर डाग आहेत, आणि तू खाली लिहितेस तीव्रता साठ टक्के. मग बाग शिल्लक राहिली कशी?"

वनस्पतिरोगशास्त्रात 'इन्सिडन्स' म्हणजे किती पाने किंवा किती झाडे रोगट आहेत, आणि 'सिव्हिअरिटी' म्हणजे पानाचा किती भाग रोगाने व्यापला आहे. शंभरातल्या साठ पानांवर एकेक बारीक डाग असेल तर पहिला आकडा साठ येतो आणि दुसरा अगदी थोडा. रंगवलेले वाक्य तोडण्यासाठी तिने एका शब्दाच्या जागी दुसरा घातला होता. शब्दकोशात दोन्ही जवळचे वाटतात, बागेत त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक असतो.

मग मॅडमनी आणि तिने मिळून मूळ मसुदा आणि हा मसुदा शेजारी ठेवून वाचला. 'लीफ वेटनेस' म्हणजे पानाच्या पृष्ठभागावर पाणी टिकण्याचा काळ. त्याचे झाले होते 'लीफ मॉइश्चर', म्हणजे पानाच्या आतला ओलावा. डाऊनीचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहतात आणि पर्णरंध्रातून आत शिरतात, त्यामुळे सगळा युक्तिवाद पृष्ठभागावरच्या पाण्यावर उभा होता, आणि तोच शब्द गेला होता. संख्याशास्त्रातल्या 'सिग्निफिकंट' या शब्दाच्या जागी कुठे 'इम्पॉर्टंट', कुठे 'नोटेबल' आले होते. एका प्रकरणात एकाच चाचणीची दोन वेगळी नावे झाली होती. परीक्षकाने नेमके तेच विचारले असते.

मला यात सर्वांत गंभीर वाटते ते वेगळेच. साहित्य आढाव्याच्या प्रकरणात काही परिच्छेद खरोखरच उसने होते. वाक्याचा सांगाडा दुसऱ्याचा, युक्तिवादाचा क्रम दुसऱ्याचा आणि संदर्भ दिलाच तर परिच्छेदाच्या शेवटी एकदा. समानार्थी शब्द घातल्यावर त्यावरचा रंग गेला आणि आकडा उतरला, पण उसनेपणा तसाच राहिला. सॉफ्टवेअरला तो दिसेनासा झाला, एवढाच बदल झाला. म्हणजे ज्या दोषासाठी ही तपासणी असते तो दोष दुरुस्त्यांनी झाकला, आणि जिथे दोष नव्हता तिथला अचूक मजकूर बिघडवला.

कोणते पर्याय समोर होते

याच टप्प्यावर दोघी ग्रंथालयात आल्या. अधिकृत तपासणी आम्ही त्याच दिवशी केली आणि आणखी एक धक्का बसला. आकडा आला 64 टक्के, आणि त्यातला बहुतेक भाग एकाच स्रोताचा, अहवालात 'विद्यार्थी लेखन' म्हणून दाखवलेला. ते लेखन तिचेच होते. मैत्रिणीच्या खात्यात मसुदा तपासताना तो साठवू नये अशी निवड केलेली नव्हती, म्हणून प्रत्येक फेरीतला मसुदा त्या सॉफ्टवेअरच्या साठ्यात जाऊन बसला होता. आता तिचा प्रबंध तिच्याच जुन्या मसुद्यांशी जुळत होता. नियमाच्या तक्त्यात 64 म्हणजे नोंदणी रद्द होण्याची पायरी. तिच्या चेहऱ्याचा रंगच उतरला.

असा अहवाल आला की आधी स्रोतांची यादी पाहायची. साठ टक्के पन्नास ठिकाणांहून गोळा झाले असतील तर ती एक गोष्ट, आणि एकाच ठिकाणाहून आले असतील तर दुसरी. आम्ही त्या संस्थेच्या ग्रंथालयाला महाविद्यालयाच्या पत्राने विनंती केली आणि ते मसुदे साठ्यातून काढून घेतले. याला काही आठवडे गेले. त्या अवधीत पुढे काय करायचे ते ठरवायचे होते.

पहिला मार्ग तिला आधीपासून खुणावत होता: 12 वरून आणखी शब्द बदलत 10 च्या खाली यायचे. दुसरा मार्ग तिला बाइंडिंगच्या दुकानात सांगितला गेला होता. तिथे पानामागे पैसे घेऊन 'प्लॅग कमी करून' देतात. असे मसुदे मी पाहिले आहेत. काहींत वाक्ये यंत्राने उलटसुलट केलेली असतात, काहींत मजकुराची चित्रे करून चिकटवलेली असतात किंवा शब्दांच्या मध्ये पांढऱ्या रंगातली अक्षरे घातलेली असतात. आजची तपासणी यातले बरेच पकडते, आणि पकडले की मग प्रश्न टक्क्यांचा राहत नाही, हेतूचा होतो. तिसरा मार्ग म्हणजे नियमाप्रमाणे जे वगळायचे ते वगळून आहे तसा मसुदा पाठवणे. तो सोपा होता, पण आढाव्यातला उसना भाग त्याने तसाच राहिला असता. मॅडमनी चौथा मार्ग धरला. 22 टक्क्यांचा सर्वांत पहिला मसुदा परत घ्यायचा, त्यातली प्रत्येक जुळणी कशामुळे आहे ते ठरवायचे आणि ज्या भागाला खरेच काम लागते तेवढ्यालाच हात लावायचा.

दीड महिन्याचे काम बाजूला ठेवायचे म्हटल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे बावीसवर परत जायचं?" मॅडम म्हणाल्या, "बावीसवर नाही, तुझ्या वाक्यांवर परत जायचं."

काय केले

पहिल्या मसुद्याचा अहवाल आम्ही छापून घेतला आणि टेबलावर पसरला. प्रत्येक रंगीत तुकड्याच्या समासात तो का जुळतो ते तिने पेन्सिलीने लिहिले. दोन दिवसांत चित्र स्पष्ट झाले. 22 पैकी साधारण 6 टक्के संदर्भसूचीचे होते. 4 टक्के तिच्याच प्रसिद्ध शोधनिबंधाशी जुळत होते. 3 टक्के रोगाच्या, रसायनांच्या आणि चाचण्यांच्या नावांचे आणि रोगनिर्देशांकाच्या सूत्राचे होते. 2 टक्के नीट श्रेय देऊन घेतलेले होते. उरलेले 7 टक्के साहित्य आढाव्यातले, जिथे वाक्याची चाल दुसऱ्याची होती. दीड महिना तिने जी मेहनत केली होती ती या सगळ्यांवर सारखी पसरली होती. गरज होती ती या शेवटच्या साताला.

स्वतःच्या शोधनिबंधाचा प्रश्न थोडा नाजूक असतो. आपलेच लेखन आहे म्हणून ते न सांगता पुन्हा वापरता येत नाही. पुरेसा संदर्भ न देता स्वतःचे पूर्वप्रसिद्ध लेखन पुन्हा वापरणे मान्य नाही, असे आयोगाने 2020 मध्ये वेगळे कळवलेले आहे. म्हणून त्या प्रकरणाच्या सुरुवातीला तिने स्पष्ट लिहिले की यातला काही भाग अमुक शोधनिबंधात आला आहे, आणि मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र जोडले. ते जोडल्यावर तो स्रोत वगळायला आमच्या विद्यापीठाची हरकत नव्हती. त्या भागातले एकही वाक्य बदलले नाही.

आढाव्याच्या सात टक्क्यांसाठी मॅडमनी तिला मूळ शोधनिबंध मिटून ठेवायला लावले. मग एकेका परिच्छेदाबद्दल त्या विचारायच्या, "यात काय सांगितलंय, आणि तुझ्या बागेला त्याचा काय उपयोग?" ती मराठीत उत्तर द्यायची, मग तेच इंग्रजीत लिहायची, आणि शेवटी मूळ शोधनिबंध उघडून आकडे आणि संदर्भ पडताळायची.

एक उदाहरण सांगतो, कारण सगळ्या प्रकरणाचा फरक त्यात दिसतो. डाऊनीच्या पहिल्या लागणीसाठी युरोपातल्या बागांत एक ठोकताळा वापरतात: कोवळी फूट 10 सेंटिमीटर, तापमान किमान 10 अंश आणि 10 मिलिमीटर पाऊस. तिच्या मूळ परिच्छेदात हे कुणाच्या तरी वाक्यांतून जसेच्या तसे आले होते. दुरुस्त्यांच्या फेऱ्यांत त्याचे शब्द बदलले होते, आशय तोच. आता पुस्तक मिटलेले असताना मॅडमनी विचारले तेव्हा ती थोडा विचार करून म्हणाली, "पण मॅडम, आपल्याकडे ऑक्टोबरात तापमान दहाच्या खाली जातंच कुठे? ती अट तर रोजच पूर्ण होते. मग आपल्याकडे ठरवतं ते पानावरचं पाणी." हे वाक्य मूळ शोधनिबंधात नव्हते. तिच्या दोन हंगामांच्या नोंदींचा सगळा अर्थ त्यात होता, आणि तोवर प्रबंधात तो कुठेच लिहिलेला नव्हता. नव्या आढाव्यात तो परिच्छेद त्या वाक्याभोवती उभा राहिला.

'अमक्याने अमुक साली असे नोंदवले' अशा एकामागून एक परिच्छेदांचे ते प्रकरण हळूहळू चार-पाच प्रश्नांभोवती बांधले गेले. त्यात उसनी चाल टिकणे शक्यच नव्हते, कारण असा क्रम इतर कुणी लावलेला नव्हता.

मसुदा तयार आहे हे कशावरून म्हणायचे, ते मॅडमनी पुन्हा तपासणी करण्याआधीच ठरवून कागदावर लिहिले. प्रत्येक रंगीत तुकड्यासमोर कारण लिहिलेले हवे, आणि ते कारण परीक्षकाला तोंडी सांगता आले पाहिजे. मजकुरातला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक संज्ञा तक्त्याशी जुळली पाहिजे. ही पडताळणी तिने नाही, दुसऱ्या एका विद्यार्थ्याने करायची. आणि रसायनशास्त्र विभागातल्या एका सरांनी निकालांचे प्रकरण वाचून, कागद बाजूला ठेवून, यात काय सापडले ते सांगायचे. सरांनी सांगितलेले आणि तिला म्हणायचे असलेले एकच निघाले तर प्रकरण झाले. तपासणी त्यानंतर एकदाच करायची होती.

सरांनी पहिल्यांदा सांगितले तेव्हा ते चुकले. त्यांना वाटले की पाऊस जितका जास्त तितका रोग जास्त, असा निष्कर्ष आहे. तिचे म्हणणे होते की पाऊस थोडा असला तरी पाने रात्रभर ओली राहिली तर रोग वाढतो. दोष सरांचा नव्हता. पावसाचा तक्ता आधी आणि पाने किती तास ओली राहिली त्याचा तक्ता बऱ्याच पानांनंतर आला होता. दोन्ही तक्ते शेजारी आणले, मधली तीन वाक्ये नव्याने लिहिली, आणि एका इतिहासाच्या मॅडमनी वाचून बरोबर सांगितले. साधर्म्याच्या आकड्याने ही चूक कधीच दाखवली नसती.

निष्पत्ती

शेवटच्या अधिकृत तपासणीत काहीही न वगळता 17 टक्के आले. नियमाप्रमाणे संदर्भसूची आणि प्रमाणपत्रासह तिचा शोधनिबंध वगळल्यावर 7. संज्ञा आणि सूत्रांचे तीन टक्के आम्ही तसेच राहू दिले, ते काढायची गरज नव्हती.

इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. बिघडलेल्या मसुद्याचा काही न वगळता आलेला आकडा 12 होता आणि चांगल्या मसुद्याचा 17. नुसत्या आकड्यावर निवड केली असती तर 'इन्सिडन्स' आणि 'सिव्हिअरिटी' यांची अदलाबदल झालेला प्रबंध विद्यापीठात गेला असता.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी साधर्म्य अहवालाबद्दल एकच प्रश्न विचारला, तोही तिच्या शोधनिबंधाबद्दल, आणि तिचे उत्तर तयार होते. बाकी सगळी चर्चा पानावरच्या पाण्यावर झाली.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णय चुकला तो पहिला अहवाल हातात आला तेव्हा. 22 हा आकडा कशाचा बनला आहे हे पाहायला दोन दिवस पुरले. ते दोन दिवस सुरुवातीला दिले असते तर मधला दीड महिना वाचला असता. त्या वेळी थांबण्याची एक खूण होतीही. 16 वरून 17 झाले तेव्हा शब्द बदलल्याने आकडा वर जाऊ शकतो, हे दिसले होते. बदलाचा आणि आकड्याचा संबंध सुटला की पुढची फेरी म्हणजे नुसता अंदाज असतो.

दुसरी गोष्ट मार्गदर्शकांच्या बाजूची आहे. मॅडमनी नंतर सांगितले की आकडा खाली येईपर्यंत त्यांनी मसुदा मागितलाच नव्हता, आधी प्लॅग कमी कर मग वाचते, असे त्या सगळ्यांनाच सांगत. हा क्रम उलटा असता तर संज्ञांची अदलाबदल पहिल्याच फेरीत दिसली असती.

एका बाबतीत मॅडमचे आणि माझे अजून एकमत नाही. साहित्य व पद्धतींच्या प्रकरणात प्रमाणित कृती असतात, आणि त्या जशाच्या तशा, श्रेय देऊन लिहाव्यात असे माझे मत आहे, कारण कृतीतला एक शब्द बदलला तरी प्रयोग दुसऱ्याला करता येत नाही. मॅडमच्या मते तिथेही विद्यार्थ्याने स्वतः प्रत्यक्षात काय केले तेच लिहावे, पुस्तकात काय दिले आहे ते नाही. यातून आम्ही सध्या असा मार्ग काढला आहे की प्रमाणित कृतीचा फक्त संदर्भ द्यायचा आणि तिच्यात जिथे बदल केला तेवढेच वाक्यांत लिहायचे.

ग्रंथालयात आता पहिली तपासणी आम्ही स्वतःच करतो, मसुदा साठवू नये ही निवड करूनच, आणि अहवाल विद्यार्थ्याच्या हातात देताना पहिल्या पानावरचा एकूण आकडा न दाखवता स्रोतांची यादी आधी उघडतो. दुसऱ्या तपासणीसाठी येताना समासात कारणे लिहिलेला पहिला अहवाल सोबत आणावा लागतो.